०.५२ की ०.०४? फेनॅन्थ्रोलिन पद्धतीत ब्लँक नेमका कुठे वजा करायचा

प्रश्न: आम्ही पिण्याच्या पाण्यातलं एकूण लोह फेनॅन्थ्रोलिन पद्धतीने काढतो. ५० मिली नमुना उकळून शेवटी १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये करतो, १ सेंमीचा क्युव्हेट, ५१० नॅनोमीटर, शून्य डिस्टिल्ड वॉटरवर. आमचा रीएजंट ब्लँक ०.०२४ येतो. एका नमुन्याचं वाचन ०.०५२ आलं. मी त्यावरून ०.५२ मिलिग्रॅम प्रति लिटर काढलं, माझ्या सहकाऱ्याने त्याच वाचनावरून ०.०४ काढलं. दोघांपैकी कोण चुकतंय? आणि शून्य पाण्यावर करायचं की ब्लँकवर?

उत्तर:

दोघंही चुकताय. त्या वाचनाचं उत्तर ०.२८ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. तुम्ही ब्लँक एकदाही वजा केलेला नाही आणि तुमच्या सहकाऱ्याने तो दोनदा वजा केलाय.

आधी आकडा पाहू. लोहाच्या फेरस आयनाभोवती फेनॅन्थ्रोलिनचे तीन रेणू बसतात आणि नारिंगी-लाल संयुग तयार होतं. ५१० नॅनोमीटरला त्याची मोलर शोषकता साधारण ११,१०० असते. म्हणजे १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये लिटरला १ मिलिग्रॅम लोह असलेलं द्रावण साधारण ०.१९९ वाचन देतं. तुमच्या १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये १ मायक्रोग्रॅम लोह असेल तर वाचन ०.००१९९ ने वाढतं. तुमच्या कॅलिब्रेशनचा उतारही याच्या जवळपास असणार. नसेल तर पुढचं वाचण्याआधी तोच तपासा, कारण उतार खूपच कमी येत असेल तर रंग पूर्ण येत नाहीये किंवा स्टँडर्डमध्येच काहीतरी गडबड आहे.

तुमचं कॅलिब्रेशन डिस्टिल्ड वॉटरवर शून्य करून घेतलंय, म्हणजे रेषा अशी आहे:

वाचन = ०.०२४ + ०.००१९९ × (फ्लास्कमधलं लोह, मायक्रोग्रॅममध्ये)

यातला ०.०२४ म्हणजेच तुमचा ब्लँक. शून्य स्टँडर्ड आणि रीएजंट ब्लँक ही इथे एकच गोष्ट आहे. तेव्हा ०.०५२ मधून ०.०२४ वजा करा, ०.०२८ उरतात. त्याला ०.००१९९ ने भागा, साधारण १४ मायक्रोग्रॅम येतात. ते ५० मिली नमुन्यातलं लोह, म्हणून लिटरला ०.२८ मिलिग्रॅम.

तुम्ही ०.०५२ ला थेट ०.००१९९ ने भागलंत. २६ मायक्रोग्रॅम आले, त्यातले १२ तुमच्या रसायनांचे होते. म्हणून ०.५२. सहकाऱ्याने आधी ०.०५२ मधून ०.०२४ काढले, ते बरोबरच. मग उरलेले ०.०२८ ज्या समीकरणात टाकले त्याच्या पोटात ०.०२४ आधीच बसलेले होते. ते पुन्हा वजा झाले, ०.००४ उरले, म्हणजे २ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०४.

स्प्रेडशीट किंवा यंत्रातलं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ही दुहेरी वजाबाकी दिसतही नाही. कॅलिब्रेशन पाण्यावर शून्य करून साठवलेलं असतं आणि नमुना मोजताना कुणीतरी ब्लँकवर शून्य करतं, एवढं पुरतं. म्हणून नियम साधा ठेवा: स्टँडर्ड ज्या शून्यावर मोजले त्याच शून्यावर नमुने मोजायचे. दोन्ही पाण्यावर किंवा दोन्ही ब्लँकवर. गणिताने उत्तर एकच येतं.

तरीही मला विचाराल तर शून्य पाण्यावरच करा आणि ब्लँक वेगळा नमुना म्हणून मोजून नोंदवहीत लिहा. ब्लँकवर शून्य केलं की ब्लँकचा आकडा कुठेच उरत नाही. एखाद्या दिवशी ब्लँकच्या फ्लास्कमध्ये गंजाचा कण पडला तर त्या दिवसाचे सगळे नमुने गुपचूप कमी दाखवतील, आणि स्वच्छ पाण्याचं वाचन उणे आल्याशिवाय तुम्हाला पत्ताही लागणार नाही. पाण्यावर शून्य केलं असतं तर ब्लँक ०.०२४ ऐवजी ०.०४१ आलेला लगेच डोळ्यांत भरला असता.

हे १२ मायक्रोग्रॅम येतात कुठून

तुमचा ब्लँक ०.०२४ आहे, म्हणजे पाण्याचा नमुना न घालतासुद्धा फ्लास्कमध्ये १२ मायक्रोग्रॅम लोह आहे. ५० मिली नमुन्याच्या भाषेत हे लिटरला ०.२४ मिलिग्रॅम झालं. पाण्याची चव आणि कपड्यांवर-भांड्यांवर पडणारे डाग यांच्यासाठी साधारण ०.३ हा आकडा धरला जातो, त्याच्या अगदी जवळ. सिमेंट किंवा खनिजातलं लोह काढताना असा ब्लँक कुणी विचारातही घेत नाही. पिण्याच्या पाण्यात तो नमुन्याच्याच तोलाचा आहे.

याचं मुख्य कारण बहुतेक वेळा अमोनियम असिटेट. प्रमाण पद्धतीतला बफर २५० ग्रॅम अमोनियम असिटेट १५० मिली पाण्यात विरघळवून त्यात ७०० मिली ग्लेशियल असिटिक ॲसिड घालून करतात. त्याचे १० मिली घेतले की जवळपास अडीच ग्रॅम मीठ फ्लास्कमध्ये गेलं. बाटलीच्या लेबलवर लोहाची कमाल मर्यादा ०.०००५ टक्के लिहिलेली असेल तर अडीच ग्रॅममध्ये १२.५ मायक्रोग्रॅमपर्यंत लोह असू शकतं. म्हणजे रसायन लेबलप्रमाणे अगदी शुद्ध असूनही तुमचा आख्खा ब्लँक एकट्या त्याच्यातून निघू शकतो. २ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, ते कमी लोहाचं असेल तर, मायक्रोग्रॅमभर. पिवळसर दिसणारं ॲसिड या कामाला घेऊच नका, तो पिवळेपणा बहुधा लोहाचाच असतो. हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइडच्या १० टक्के द्रावणाचा एकच मिली जातो, त्याचा वाटा थोडा. फेनॅन्थ्रोलिन तर ४ मिलीमध्ये ४ मिलिग्रॅमच जातं, त्याच्याकडे बोट दाखवू नका.

अंदाजावर थांबायचं नसेल तर ब्लँकच दोन प्रकारे करा. एकात नेहमीसारखा १० मिली बफर, दुसऱ्यात २० मिली, बाकी सगळं सारखं. समजा पहिला ०.०२४ आणि दुसरा ०.०४४ आला. मग जादा १० मिलींनी ०.०२० वाढवले, म्हणजे १० मायक्रोग्रॅम बफरचे आणि उरलेले २ ॲसिड, हायड्रॉक्सिलअमाइन, पाणी आणि काचेचे. आता बदलायचं काय ते कळलं: अमोनियम असिटेटचा लॉट.

यावरून ध्यानात येईल की बफर नवा केला की ब्लँक बदलतो. जुन्या बफरवर ब्लँक ०.००९ असेल आणि नव्यावर ०.०२४, तर रेषेचा उतार तोच राहतो, रेषा फक्त वर सरकते. मागच्या महिन्याच्या कॅलिब्रेशनचं आख्खं समीकरण आजच्या वाचनाला लावलं तर ०.०१५ चा फरक प्रत्येक नमुन्यात जातो, म्हणजे लिटरला ०.१५ मिलिग्रॅम जास्त. ‘कालपर्यंत ठीक येत होतं, आज सगळीच पाणी खराब’ ही तक्रार आली की मी आधी बफरच्या बाटलीवरची तारीख पाहतो. बफर नवा केला तर स्टँडर्डही त्याच बफरने नव्याने चालवायचे, एवढी शिस्त हवीच.

ब्लँक कमी करायला बफर कमी करू नका

ही युक्ती हमखास सुचते. दहाऐवजी पाच मिली घातला की ब्लँक निम्मा झालेला दिसतो आणि सगळे खूश होतात. तो का दिसतो ते पाहण्यासारखं आहे.

२ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड म्हणजे साधारण २४ मिलिमोल आम्ल. ५० मिली नमुना उकळून १५-२० मिलीवर आणला तरी त्यातलं बहुतेक आम्ल फ्लास्कमध्येच राहतं, कारण इतक्या पातळ द्रावणातून मुख्यतः पाणीच उडतं. १० मिली बफरमध्ये असिटेट साधारण ३२ मिलिमोल. त्यातलं २४ आम्लाला खपतं, ८ उरतं, आणि सोबत भरपूर असिटिक ॲसिड असतं. हिशोब केला तर पीएच साधारण ३.५ च्या आसपास येतो. फेनॅन्थ्रोलिनचा रंग झटपट आणि पूर्ण यायला पीएच २.९ ते ३.५ हवा. म्हणजे पद्धतीतली मापं उगाच लिहिलेली नाहीत, बफर आणि आम्ल एकमेकांना मोजून बसवलेले आहेत.

बफर ५ मिली केला की असिटेट फक्त १६ मिलिमोल. आम्ल २४. आठ मिलिमोल तीव्र आम्ल मोकळं राहिलं, १०० मिलीमध्ये पीएच एकच्या जवळ गेला. तिथे रंग नीट येत नाही. तुमचा ब्लँक घटला तो लोह कमी झालं म्हणून नव्हे, असलेल्या लोहाचाही रंग आला नाही म्हणून. नमुन्यांचाही येणार नाही. ब्लँक अचानक छान कमी आला तर खूश होण्याआधी तयार द्रावणाचा पीएच मोजा, आणि त्याच खेपेत एक ५० मायक्रोग्रॅमचं स्टँडर्ड आहे ना ते बघा. त्याचं वाचन ब्लँकपेक्षा ०.१० च्या आसपास जास्त यायला हवं. ०.०६ आलं तर गडबड पीएचमध्ये आहे.

याच कारणाने ॲसिड ‘अंदाजे’ घालू नये. दोनाऐवजी चार मिली पडलं की १० मिली बफरही हरतो. नमुना गोळा करताना टिकवण्यासाठी लिटरला दीड-दोन मिली ॲसिड घातलेलं असतं, त्याचा ५० मिलीत वाटा जेमतेम दहावा भाग मिली, त्याने काही बिघडत नाही. पण कुणी उदार हाताने ओतलं असेल तर बिघडतं.

ब्लँक म्हणजे नुसती रसायनं नव्हेत

ब्लँकला नमुन्याचे सगळे हाल सोसावे लागतात. कोनिकल फ्लास्कमध्ये ५० मिली डिस्टिल्ड वॉटर, २ मिली ॲसिड, १ मिली हायड्रॉक्सिलअमाइन, तेच ग्लास बीड्स, फ्यूम हूडमध्ये तितकंच उकळणं, १५-२० मिलीवर आणणं, गार करून फ्लास्कमध्ये घेणं, १० मिली बफर, ४ मिली फेनॅन्थ्रोलिन, खुणेपर्यंत पाणी, हलवून दहा-पंधरा मिनिटं थांबणं. पुष्कळ ठिकाणी ब्लँक थेट व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये रसायनं मिसळून करतात आणि उकळलेले नमुने त्याच्याशी ताडून बघतात. मग काचेतून, बीड्सवरून, तिवईच्या गंजातून आलेलं लोह नमुन्याच्या खात्यावर जमा होतं.

उकळणं टाळता येईल का? नाही. उकळण्याने गंजाचे कण विरघळतात, नायट्राइट आणि सायनाइड निघून जातात, पॉलिफॉस्फेट मोडून साधा फॉस्फेट होतो. हायड्रॉक्सिलअमाइन फेरिकचं फेरस करतं आणि रंग फेरसचाच येतो. हे सगळं झालं नाही तर एकूण लोह मिळत नाही, फक्त सहज हाती लागलेलं लोह मिळतं.

स्टँडर्ड जर न उकळता केले असतील तर त्यांचा शून्य बिंदू वेगळा आणि नमुन्यांचा ब्लँक वेगळा. अशा वेळी उतार स्टँडर्डकडून घ्या आणि वजाबाकीसाठी उकळलेला ब्लँक घ्या. दोन्ही ब्लँकमध्ये फरक किती ते नोंदवा; तो ०.००२ च्या पुढे गेला तर उकळण्याच्या पायरीत लोह शिरतंय असं समजा. मी स्वतः निदान ब्लँक आणि दोन स्टँडर्ड तरी संपूर्ण पद्धतीतून काढतो.

डिस्टिल्ड वॉटरची एक गंमत इथेच सांगतो. ब्लँकमध्ये नमुन्याच्या जागी ५० मिली डिस्टिल्ड वॉटर आहे, नमुन्यात ते नाही. त्या पाण्यात लिटरला ०.०२ मिलिग्रॅम लोह असेल तर ब्लँकमध्ये १ मायक्रोग्रॅम जादा आलं आणि तुम्ही ते प्रत्येक नमुन्यातून विनाकारण वजा केलं. उत्तर ०.०२ ने कमी. शंका असेल तर ५०० मिली डिस्टिल्ड वॉटर त्याच २ मिली ॲसिडसह आटवत २० मिलीपर्यंत आणा आणि पुढे नेहमीसारखं चालवा. याचं आणि साध्या ब्लँकचं वाचन सारखं आलं तर पाणी स्वच्छ. ०.०२० ने जास्त आलं तर जादा ४५० मिलींनी १० मायक्रोग्रॅम आणले, म्हणजे लिटरला ०.०२ च्या वर.

काच १:१ हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुऊन डिस्टिल्ड वॉटरने खंगाळा आणि या कामाची काच वेगळीच ठेवा. क्रोमिक ॲसिडने धुऊ नका, काचेला चिकटून राहिलेलं क्रोमियम याच पद्धतीत अडथळा आणतं. स्टीलचा चमचा अमोनियम असिटेटच्या बाटलीत घालू नका.

ब्लँक जास्त असणं आणि ब्लँक डळमळीत असणं

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दुसरी जास्त वाईट. ब्लँक रोज ०.०२४ येत असेल तर वजा करून काम चालतं. तो एकदा ०.०१८, एकदा ०.०३१ येत असेल तर वजाबाकीला अर्थच उरत नाही, कारण नमुन्याच्या फ्लास्कमध्ये त्या दिवशी किती लोह शिरलं हे ब्लँकचा फ्लास्क सांगू शकत नाही. बफरमधलं लोह सगळ्या फ्लास्कमध्ये सारखं जातं. गंज, धूळ, नीट न धुतलेली काच यांचं तसं नसतं. तेव्हा चढउतार दिसला की रसायनं नव्हे, भांडी आणि टेबल तपासा.

एका खेपेत सात ब्लँक पूर्ण पद्धतीने काढा. समजा त्यांचं प्रमाण विचलन ०.००२ आलं. त्याच्या तिप्पट ०.००६, म्हणजे ३ मायक्रोग्रॅम, ५० मिली नमुन्यासाठी लिटरला ०.०६ मिलिग्रॅम. यापेक्षा खालचे आकडे तुमच्या मांडणीत अहवालात लिहू नका, स्क्रीनवर दिसत असले तरी. यंत्र तीन दशांश दाखवतं म्हणून पद्धतीलाही तेवढं दिसतं असं नाही.

५ सेंमीचा क्युव्हेट घेतला तर? वाचन पाचपट होतं, पण ब्लँकचंही पाचपट होतं: ०.०२४ चे ०.१२०. नमुन्यातल्या लोहाचं ब्लँकमधल्या लोहाशी गुणोत्तर जसंच्या तसं राहतं. लांब क्युव्हेटने वाचनातली बारीक चूक कमी होते, रसायनातलं लोह कमी होत नाही. १०० ऐवजी ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये केलं तरी हेच. गुणोत्तर सुधारायचं तर दोनच वाटा: स्वच्छ रसायन, नाहीतर जास्त नमुना. १०० मिली नमुना त्याच २ मिली ॲसिडसह आटवून २० मिलीवर आणला तर नमुन्याचं लोह दुप्पट आणि रसायनांचं तेवढंच. ब्लँकलाही अर्थातच १०० मिली पाणी आटवायचं.

ब्लँक बरोबर वजा झाला हे कसं ओळखायचं

बरेच जण नमुन्यात माहीत असलेलं लोह घालून परत किती मिळतं ते बघतात आणि निर्धास्त होतात. ही तपासणी चांगली, पण ब्लँकची चूक तिला दिसत नाही. तुमच्या नमुन्यात २५ मायक्रोग्रॅम घातले तर वाचन ०.०५२ वरून ०.१०२ वर जाईल. फरक ०.०५०, वसुली शंभर टक्के. ब्लँक अजिबात वजा न करता काढली तरी शंभर टक्केच, कारण फरक घेताना ब्लँक दोन्हीकडून कटतो. उलट पाण्यात नमुन्याच्या लोहाच्या दसपटीहून जास्त जस्त असेल, किंवा तांबं, निकेल, फॉस्फेट रंग दाबत असतील, तर वसुली घसरते आणि ब्लँक मात्र निरागस दिसतो. दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या चुका पकडतात.

ब्लँकची चूक पकडायला नमुन्याचं माप बदला. तोच नमुना एकदा ५० मिली आणि एकदा २५ मिली अधिक २५ मिली डिस्टिल्ड वॉटर असा चालवा. तुमच्या पाण्याचं ५० मिलीला ०.०५२ आलं, तर २५ मिलीला ०.०३८ यावं, कारण नमुन्याचा वाटा ०.०२८ वरून ०.०१४ झाला आणि ब्लँक तोच राहिला. योग्य वजाबाकीने दोन्हींची उत्तरं ०.२८ येतात. तुमच्या पद्धतीने ५० मिलीचं ०.५२ आणि २५ मिलीचं ०.७६ आलं असतं. सहकाऱ्याच्या पद्धतीने ०.०४ आणि चक्क उणे ०.२०. एकाच बाटलीतलं पाणी निम्मं घेतल्यावर जास्त लोहाचं निघू शकत नाही, उणे तर नाहीच. नमुना कमी केल्यावर उत्तर वर चढलं तर ब्लँक कमी वजा झालाय, खाली गेलं तर जास्त वजा झालाय.

एक गोष्ट मात्र रीएजंट ब्लँक कधीच भरून काढणार नाही: नमुन्याचा स्वतःचा रंग आणि गढूळपणा. ॲसिडमध्ये उकळून लोहाचे कण विरघळतात, पण चिकणमाती तशीच राहू शकते आणि ती ५१० ला प्रकाश अडवते. अशा पाण्याचा दुसरा भाग फेनॅन्थ्रोलिन वगळून बाकी सगळं घालून तयार करा आणि त्याचं वाचन रीएजंट ब्लँकच्या जोडीने वजा करा. दोन्ही वजा करताना एकच गोष्ट दोनदा जात नाही ना, हे इथेही बघायचं. फेनॅन्थ्रोलिन नसेल तर बफरमधल्या लोहाचा रंग येत नाही, म्हणून सहसा जात नाही. आणि नळावर स्वच्छ दिसलेलं पाणी बाटलीत पिवळं पडून तळाला साका बसला असेल, तर वरचं निवळ पाणी पिपेटने घेतल्यावर ब्लँक कितीही अचूक असला तरी उपयोग नाही. नमुना घेतानाच ॲसिड घालून पीएच दोनच्या खाली न्यायला हवा होता.

आता तुमच्या त्या नमुन्याचं काय करायचं. ०.२८ हे ०.३ च्या इतकं जवळ आहे की १ सेंमीच्या क्युव्हेटवर मी त्यावरून निकाल देणार नाही. नमुना आणि ब्लँक दोन्हींच्या वाचनात ०.००२ चं विचलन धरलं तर नुसत्या वजाबाकीतच लिटरला ०.०३ मिलिग्रॅमची अनिश्चितता येते. १०० मिली नमुना आटवून घ्या, ५ सेंमीचा क्युव्हेट लावा, दोन ब्लँक सोबत ठेवा, स्टँडर्डही त्याच क्युव्हेटवर नव्याने घ्या. पाण्यात खरंच ०.२८ असेल तर फ्लास्कमध्ये नमुन्याचे २८ मायक्रोग्रॅम आणि रसायनांचे १२, म्हणजे पाण्यावर शून्य करून ०.४० च्या आसपास वाचन आणि ब्लँक ०.१२. दोन्ही ब्लँक एकमेकांच्या ०.०१० च्या आत असतील तर त्या उत्तरावर सही करायला हरकत नाही. तसे नसतील तर काच धुऊन पुन्हा.